न भरायच्या जागा

आमच्या देवळा तालुक्यातली एक मुलगी जानेवारीपासून एक वही लिहिते आहे. बी.एस्सी. रसायनशास्त्र, पहिला वर्ग. वडिलांची गिरणेच्या काठाला चार एकर जमीन, त्यात कांदा आणि थोडं डाळिंब. नोकरीसाठी केलेला प्रत्येक अर्ज ती या वहीत टिपून ठेवते: तारीख, कंपनी, पद, जाहिरातीतले शब्द आणि पुढे काय झालं ते. मार्चमध्ये ती वही घेऊन माझ्याकडे आली. एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "काका, या एकाच जागेला मी तीनदा अर्ज केला. दर वेळी ती नवीनच दिसते. माझ्यात काय कमी आहे तेवढं सांगा."

मी पान वाचलं. तिच्यात काय कमी आहे हे त्यातून कळण्यासारखं नव्हतं. ती जागा बहुधा अस्तित्वातच नाही, हे मात्र कळत होतं.

मला ते चटकन कळलं याचं कारण सांगायला हवं. नाशिकजवळच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत मी बावीस वर्षं मनुष्यबळ विभागात काम केलं, आणि अशा जाहिराती मी स्वतः लावलेल्या आहेत. नोकरीबाजारात त्यांना 'घोस्ट जॉब' म्हणतात. मी पोकळ जाहिरात म्हणतो. कंपनी खरी, पत्ता खरा, पदाचं वर्णनही खरं. फक्त माणूस घ्यायचा नाही. फसवणुकीच्या जाहिरातीपेक्षा हे वेगळं आहे. फसवणारा पुढच्या पायरीला नोंदणी शुल्क, गणवेशाचे पैसे किंवा ओटीपी मागतो आणि तिथे सापडतो. पोकळ जाहिरात काहीच मागत नाही, म्हणून ती पकडायला कठीण. तिने घेतलेला असतो तो तुमचा वेळ, आणि घरच्यांनी तुमच्यावर ठेवलेला भरवसा.

एका वर्षी आमच्याकडे मोठ्या ग्राहकाची मागणी निम्म्यावर आली. मुख्य कार्यालयातून दोन ओळींचा निरोप आला: पुढील सूचनेपर्यंत नवी भरती बंद. त्या दिवशी आमच्या अकरा जागा पोर्टलवर उघड्या होत्या. त्या मी काढल्या नाहीत. पोर्टलचे वर्षाचे पैसे भरलेले होते, त्यामुळे जाहिरात ठेवायला काही खर्च नव्हता. काढली असती तर पुन्हा लावताना विभागप्रमुख, वित्त आणि कारखाना व्यवस्थापक अशा तीन सह्यांचा मागणी अर्ज नव्याने फिरवावा लागला असता. आणि बंदी उठलीच तर हाताशी शे-दोनशे अर्ज तयार असावेत, असं उत्पादनप्रमुखांचं म्हणणं होतं. बंदी नऊ महिने चालली. त्या नऊ महिन्यांत दर महिन्याला जाहिरात 'ताजी' करायचं बटण मी दाबत राहिलो. मालेगाव, सटाणा, चांदवड, कळवणहून अर्ज येत राहिले. मी ते उघडलेही नाहीत. आज त्याची मला खंत वाटते, आणि या लेखाचं मूळ तिथेच आहे.

भरती न गोठवताही जाहिरात पोकळ असू शकते. कंत्राटावर तीन वर्षं काम करणाऱ्या मुलाला कायम करायचं ठरलेलं असतं, पण कंपनीचा नियम म्हणतो की जागा पंधरा दिवस जाहीर केलीच पाहिजे. मग जाहिरात लागते, अर्ज येतात, दोघा-तिघांना मुलाखतीलाही बोलावलं जातं आणि ठरलेला मुलगाच लागतो. भरती सल्लागार संस्थांची तऱ्हा आणखी वेगळी. एखाद्या कंपनीचं काम मिळवण्यासाठी 'आमच्याकडे या पदाचे चारशे उमेदवार आहेत' असं सांगता यावं म्हणून त्या काम मिळण्याआधीच जाहिरात लावतात. अशा जाहिरातीत कंपनीचं नाव नसतं, 'आमच्या नामांकित ग्राहकासाठी' एवढंच असतं.

आणि एक कारण असं, जे बाहेरच्या माणसाला सुचत नाही: तपासणी. ग्राहकाचा किंवा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा तपासनीस येतो आणि विचारतो, गुणवत्ता विभागात चार माणसं मंजूर आहेत, तीनच का दिसतात? त्याला उत्तर म्हणून भरतीच्या जाहिरातीची छापील प्रत फाइलला लावली जाते. 'भरती प्रक्रिया सुरू आहे' असा शेरा पडतो आणि मुद्दा पुढच्या वर्षावर जातो. ती जाहिरात उमेदवारासाठी लिहिलेलीच नसते, फाइलसाठी लिहिलेली असते. विनाअनुदानित महाविद्यालयांच्या प्राध्यापक भरतीच्या जाहिराती संलग्नता समितीच्या भेटीच्या तोंडावर वर्तमानपत्रात का दाटतात, हे ज्यांनी ते अर्ज भरले आहेत त्यांना मी सांगायला नको.

आता त्या वहीतलं पान.

पद गुणवत्ता नियंत्रण विभागातल्या केमिस्टचं. ठिकाण नाशिक, जागा दोन, अनुभव शून्य ते दोन वर्षं, पगार जाहीर नाही. तिने पहिला अर्ज 6 जानेवारीला केला, दुसरा 5 फेब्रुवारीला, तिसरा 7 मार्चला. तारखांमधलं अंतर दर वेळी तीस दिवसांचं. हा पहिला धागा. माणूस सोडून गेल्यावर पुन्हा निघालेली जाहिरात अशी घड्याळ लावल्यासारखी येत नाही. ठरावीक दिवसांनी येणारी जाहिरात बहुतेक वेळा पोर्टलची मुदत संपली म्हणून आलेली असते. कोणीतरी बटण दाबलेलं असतं किंवा ते आपोआप दाबलं जाण्याची सोय केलेली असते. लिंक्डइनवर अशा वेळी तारखेआधी Reposted असा शब्द दिसतो. सगळीच पोर्टलं एवढी प्रामाणिक नसतात. कित्येक ठिकाणी जुनीच जाहिरात 'दोन दिवसांपूर्वी' म्हणून वर येते.

दुसरा धागा मजकुराचा. तिन्ही वेळची वर्णनं तिने शब्दन् शब्द उतरवली होती, म्हणून आम्हाला ती शेजारी ठेवता आली. तिन्हींत एका उपकरणाच्या नावाचं तेच चुकीचं स्पेलिंग होतं. खरी गरज असलेला विभागप्रमुख पहिले वीस अर्ज बघतो, मनासारखे नसतात, मग मनुष्यबळ विभागाला सांगतो की 'एचपीएलसी हाताळलेलाच हवा' किंवा 'रात्रपाळीची तयारी आहे का ते आधी विचारा'. त्यामुळे दुसऱ्या खेपेला जाहिरातीत काहीतरी बदलतं. अट वाढते, कधी अनुभव कमी होतो, पगाराचा आकडा दिसू लागतो. तीन महिन्यांत ज्या जाहिरातीची चूकसुद्धा दुरुस्त झाली नाही, ती त्या तीन महिन्यांत कोणी वाचलेली नसते.

तिसरा धागा संगणकावर बसल्यावर मिळाला. हीच जागा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही होती. अशा पानांवर गुगलच्या नोकरीशोधाला माहिती मिळावी म्हणून आतल्या बाजूला एक छोटा तुकडा लिहिलेला असतो. तो पानावर दिसत नाही. संगणकावर पान उघडून Ctrl+U दाबलं की पानाचा मूळ मजकूर उघडतो. त्यात Ctrl+F ने datePosted शोधायचं. असं काहीतरी सापडतं:

```
"@type": "JobPosting",
"datePosted": "2025-08-19",
"validThrough": "2026-12-31"
```

पहिली तारीख जाहिरात लागल्याची, दुसरी तिची मुदत संपण्याची. आमच्या पानावर पहिली तारीख आदल्या वर्षीच्या ऑगस्टची निघाली. म्हणजे पोर्टलवर जानेवारीत नवी दिसणारी जागा कंपनीच्या दप्तरी साडेचार महिन्यांची जुनी होती. जाहिरातीखालचा अंतर्गत क्रमांकही पोर्टलवर तिन्ही वेळा तोच होता. हा क्रमांक टिपून ठेवण्याची सवय फार उपयोगी आहे. पोर्टलवरची तारीख सहज बदलते, पण मागणी अर्जाचा क्रमांक सहसा तोच राहतो. सगळ्या पानांवर हा तुकडा असतोच असं नाही, आणि काही कंपन्यांची प्रणाली ही तारीखही आपोआप पुढे सरकवते. म्हणून तारीख जुनी सापडली तर तो पुरावा समजावा. नवी सापडली तर त्यावरून काही ठरवू नये.

चौथी गोष्ट करायला अर्धा तास लागला आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोलाची होती. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय आहे, लॉग-इन लागत नाही. कंपनीचं नाव टाकून आस्थापना निवडली की तिने भरलेल्या रकमेचा महिनावार तपशील बघता येतो, आणि त्यात त्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा निधी भरला तो आकडा असतो. आम्ही मागचे सात महिने काढले. ऑगस्टला 214, मग 212, 212, 209, 207, 207, आणि फेब्रुवारीला 203. त्याच काळात या कंपनीच्या नावावर पोर्टलवर सतरा जागा उघड्या होत्या. सतरा जागा भरणाऱ्या कारखान्याचा आकडा कुठेतरी एकदा तरी वर उचलतो. इथे तो फक्त ओघळत होता. माणसं सोडून जात होती आणि त्यांच्या जागी कोणी येत नव्हतं.

या आकड्याच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. कंत्राटी कामगार कंत्राटदाराच्या क्रमांकाखाली मोजले जातात, त्यामुळे कारखाना माणसं घेत असूनही इथे काही न दिसण्याची शक्यता असते. देशभर कारखाने असलेली मोठी कंपनी सगळ्यांचा निधी एकाच क्रमांकाखाली भरत असेल, तर नाशिकचं चित्र त्यात बुडून जातं. आणि भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना लागू आहे, त्यामुळे छोटं वर्कशॉप इथे सापडणारच नाही. पण पन्नास ते पाचशे माणसांच्या एका जागच्या कारखान्यासाठी, म्हणजे आपल्या मुलांना ज्यांची आस असते त्यांच्यासाठी, हा आरसा बराच स्वच्छ आहे.

शेवटी फोन. मी तिला कागदावर तीन प्रश्न लिहून दिले. ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली? काम कोणाच्या हाताखाली करायचं? माणूस कोणत्या तारखेपर्यंत रुजू व्हायला हवा आहे? जागा खरी असेल तर या तिन्हींची उत्तरं फोनवरच्या कनिष्ठ माणसालाही येतात, कारण विभागप्रमुख रोज त्याच्या डोक्यावर बसलेला असतो. 'मागचा मुलगा पुण्याला गेला, पंधरा तारखेच्या आत पाहिजे' असं बोलणं कानावर पडतं. तिला मिळालेलं उत्तर असं होतं: "तुमचा बायोडाटा आमच्याकडे नोंदलेला आहे. योग्य संधी आली की आम्ही संपर्क करू." तिने ते वहीत जसंच्या तसं लिहिलं आणि त्या पानावर रेघ मारली. पुढे त्या जागेला चौथा अर्ज तिने केला नाही.

उमराण्याच्या बाजारात कांदा घेऊन उभं राहिलेल्या कोणालाही यातला फरक चटकन कळतो. एक व्यापारी ट्रॉलीतले दोन कांदे उचलतो, चोळतो, भाव विचारतो आणि पुढे जातो. दुसरा लिलावात बोली लावतो. विचारणाऱ्याला आपण वाईट म्हणत नाही, पण त्याच्या भरवशावर ट्रॉली अडवून ठेवत नाही. पोर्टलवर अडचण अशी की विचारणारा आणि बोली लावणारा दोघे एकाच रांगेत, एकाच रंगात दिसतात.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण वरचं वाचून प्रत्येक जुनी जाहिरात पोकळ ठरवली जाईल आणि त्यात खऱ्या नोकऱ्या हातच्या जातील. विमा विक्री, कॉल सेंटर, माल पोचवणं, जुळणीच्या लाइनवरचे प्रशिक्षणार्थी अशा कामांत माणसं सतत येतात आणि जातात. ती जाहिरात बारा महिने उघडी असते, आणि बारा महिने माणसं घेतलीही जातात. तिथे जाहिरातीचं वय बघू नये, हालचाल बघावी. थेट मुलाखतीचा दिवस आणि गेटची वेळ दिली आहे का? गेल्या महिन्यात तिथे लागलेलं कोणी आपल्या आयटीआयच्या तुकडीत भेटतं का? दुसरीकडे, देखभाल विभागप्रमुखासारखी अनुभवी जागा तीन-चार महिने उघडी राहिली तर त्यात वावगं काहीच नाही. मुलाखतींत महिना-दीड महिना जातो, आणि निवडलेल्या माणसाला जुन्या कंपनीत साठ-नव्वद दिवसांची सूचना मुदत काढावी लागते. माझ्या अनुभवात नवख्या केमिस्ट, निरीक्षक, डिप्लोमा अभियंत्याची खरी जागा सहा आठवड्यांच्या आत भरली जाते, कारण अशा पदांसाठी अर्जांना तोटा नसतो. म्हणून नवशिक्याची जागा, अर्ज हजारावर आणि वय तीन महिने, हे त्रिकूट एकत्र दिसलं की मी थांबतो.

हे प्रकरण फक्त आपल्याकडचं नाही. भरतीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ग्रीनहाउस या अमेरिकी कंपनीने आपल्याच प्रणालीवरच्या जाहिराती तपासल्या, तेव्हा एका तिमाहीत साधारण 18 ते 22 टक्के जाहिराती अशा पोकळ निघाल्या. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने त्यावर कायदा केला. 1 जानेवारी 2026 पासून तिथे 25 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला जाहिरातीत लिहावं लागतं की ही जागा प्रत्यक्ष रिकामी आहे की नाही. मुलाखत घेतलेल्या उमेदवाराला 45 दिवसांत निर्णयाबद्दल कळवणंही बंधनकारक आहे.

आपल्याकडे 1959 सालचा रिक्त पदं सेवायोजन कार्यालयाला कळवण्याचा कायदा होता. 25 किंवा अधिक माणसांच्या खाजगी आस्थापनेनेही रिकाम्या जागा कळवाव्यात, असं तो सांगायचा. पुढे ही तरतूद 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावली गेली. पण त्या कायद्याची काळजी उलट्या बाजूची होती: असलेली जागा लपवली जाऊ नये. नसलेली जागा कोणी दाखवेल, हा विचार 1959 मध्ये कोणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. त्यातही कळवलेली जागा भरलीच पाहिजे, असं बंधन मालकावर नव्हतं.

सरकारी जाहिरातीवर आपल्या मुलांचा विश्वास जास्त, आणि तो बऱ्याच अंशी बरोबर आहे. तिथे मंजूर पदसंख्या, आरक्षणाची बिंदुनामावली, जाहिरात क्रमांक हे सगळं कागदावर असतं आणि माहितीच्या अधिकारात विचारता येतं. तरीही मार्च 2019 मधली जिल्हा परिषदांची भरती आपल्या तालुक्यातल्या अनेक घरांना आठवत असेल. राज्यभरात तेरा हजारांहून अधिक जागा, शुल्क भरून केलेले अर्ज, आणि मग वर्षानुवर्षं परीक्षेची वाट. ऑक्टोबर 2022 मध्ये ती भरती रद्द झाली आणि शुल्क परत करण्याची वेळ आली. ऑगस्ट 2023 मध्ये 19,460 जागांची नवी जाहिरात निघाली. त्या साडेचार वर्षांत किती जणांची वयोमर्यादा जवळ आली हे वेगळं सांगायला नको. 2019 च्या त्या जाहिरातीला मी पोकळ म्हणणार नाही, कारण जागा मंजूर होत्या आणि हेतू होता. पण वाट बघणाऱ्याच्या घरात दोन्हींचा परिणाम सारखाच होतो: मुलगा दुसरं काही हाती घेत नाही, आणि मुलीचं लग्न 'एवढी नोकरी लागू दे' म्हणून थांबतं किंवा नोकरीचा शोध थांबवून उरकलं जातं.

म्हणूनच वही. पोर्टल तुमचा अर्ज दाखवतं, पण जाहिरातीचा इतिहास दाखवत नाही. तो उमेदवारालाच जपावा लागतो. त्या मुलीची वही पाहिल्यावर मी आमच्या गल्लीतल्या चार-पाच मुलांना तसंच करायला लावलं. प्रत्येक जागेसाठी एक पान. कंपनी, पद, अंतर्गत क्रमांक, पहिल्यांदा दिसल्याची तारीख, मजकुराचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये. तीस दिवसांनी पुन्हा बघायचं. जागा गेली असेल तर भरली गेली असावी. बदललेल्या अटींसह असेल तर पुन्हा अर्ज करायचा, नव्या अटीला उत्तर देणारा. जशीच्या तशी असेल तर एक फोन, आणि फोनवर वरच्यासारखं गुळगुळीत उत्तर आलं तर रेघ. एका जागेला दुसरी संधी द्यावी, तिसरी देऊ नये, असं माझं मत आहे. इथून नाशिक गाठून परत येण्यात अख्खा दिवस जातो. 'सहज भेटून जा' असं म्हणणाऱ्या कंपनीला निघण्याआधी विभागप्रमुखाचं नाव आणि भेटीची वेळ ईमेलवर मागावी, आणि ती आली तरच भावडबारी ओलांडावी.

बाहेर बसलेल्याला जे कधीच दिसणार नाही तेही आहे. ठरलेल्या माणसासाठी काढलेली जाहिरात वरच्या सगळ्या कसोट्यांवर खरी उतरते. जागा मंजूर असते, तारखा ताज्या असतात, भरतीही होते. तुम्हाला मुलाखतीला बोलावतात आणि तुम्ही तिथे केवळ संख्या भरायला असता. मुलाखत सात-आठ मिनिटांत आटोपली, तांत्रिक प्रश्न आलेच नाहीत, पगाराची अपेक्षा कोणी विचारली नाही, तर मला शंका येते. पण ती मुलाखतीनंतर येते, आधी नाही. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

त्या मुलीच्या वहीत मार्च ते जून या काळात एकतीस पानं झाली. एकोणीस पानांवर रेघ आहे. सात जागा महिनाभरात पोर्टलवरून गेल्या. पाच ठिकाणांहून फोन आला. त्यांतल्या दिंडोरीकडच्या एका प्रयोगशाळेने पहिल्याच फोनवर विचारलं, "सोमवारपासून येणार का? आमची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर चालली आहे." जागा सहा महिन्यांचीच होती आणि पगार तिच्या अपेक्षेपेक्षा कमी. ती गेली. सहा महिने डिसेंबरात संपतात, म्हणून वही तिने पुन्हा काढली आहे. परवा तिने मला तिचं पहिलं पान आणि मोबाइलवरची जाहिरात शेजारी ठेवून फोटो पाठवला. केमिस्ट, नाशिक, जागा दोन, क्रमांक तोच, उपकरणाचं स्पेलिंग तसंच चुकलेलं, आणि वर लिहिलेलं: दोन दिवसांपूर्वी.